श्रीखंड आणायला गेलेल्या काकू आणि निष्काळजीपणाचे तीन प्रश्न

प्रश्न: मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. अपकृत्य कायद्यात निष्काळजीपणासाठी कर्तव्य, कर्तव्यभंग आणि नुकसान या तीन गोष्टी लागतात, हे पाठ आहे. पण उदाहरण समोर आलं की तिन्ही एकमेकांत मिसळतात. दुकानदार चुकला आणि माणूस पडला, की झालं ना सगळं सिद्ध? एखाद्या साध्या, रोजच्या प्रसंगातून सांगाल का?

उत्तर:

काही वर्षांपूर्वी मी वकील म्हणून हाताळलेलं एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे केले आहेत.

दसऱ्याचा आदला दिवस. अठ्ठावन्न वर्षांच्या एक काकू संध्याकाळी मिठाईच्या दुकानात श्रीखंड आणायला गेल्या. त्या घरून जेवणाचे डबे देतात, बाराएक गिऱ्हाइकं आहेत. दुकानातल्या काचेच्या फ्रीजची पाणी बाहेर नेणारी नळी गळत होती, त्यामुळे काउंटरसमोरच्या गुळगुळीत फरशीवर पाणी साचायचं. मुलं त्यावर गोणपाट टाकायची. त्या दिवशी गर्दीत गोणपाट पायांनी बाजूला सरकलं होतं. काकूंचा पाय घसरला, त्या उजव्या हातावर पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली.

तुमच्यासारखंच काकूंच्या मुलाचंही म्हणणं होतं, "दुकानात पाणी होतं, आई पडली, आता यात सिद्ध काय करायचंय?" मी त्याला विचारलं की फरशीवर पाणी का होतं, किती वेळ होतं आणि कोणाला माहीत होतं? तो गप्प झाला. दाव्यातली खरी मेहनत तिथेच असते.

पण क्रमाने जाऊ. पहिला प्रश्न कर्तव्याचा. तो विचारताना पाणी, गोणपाट, मनगट सगळं क्षणभर विसरायचं. प्रश्न एवढाच, की या दोन माणसांमध्ये असं काही नातं होतं का, की एकाने दुसऱ्याची काळजी घेणं कायद्याला अपेक्षित आहे? नोटिशीच्या उत्तरात दुकानदाराच्या वकिलांनी पहिला मुद्दा हाच घेतला. सदर बाईंनी आमच्याकडून काहीही खरेदी केलेली नाही, त्या आमच्या ग्राहक नाहीत, त्यामुळे आमचं त्यांच्याशी कसलंही देणंघेणं नाही. वस्तुस्थिती म्हणून हे खरं होतं. काकू काउंटरपर्यंत पोचायच्या आधीच पडल्या होत्या.

हा बचाव 1932 पासून चालत नाही. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात एका बाईंना त्यांच्या मैत्रिणीने जिंजर बिअरची बाटली घेऊन दिली. बाटली अपारदर्शक होती. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतताना आतून कुजलेली गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, अशी त्या बाईंची तक्रार होती. बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे बाईंचा करार ना कॅफेवाल्याशी, ना बाटली भरणाऱ्या कंपनीशी. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यात बहुमताने ठरवलं की करार नसला तरी काळजी घेण्याचं कर्तव्य असू शकतं. लॉर्ड ॲटकिन यांनी त्यासाठी 'शेजारी' हा शब्द वापरला. माझ्या वागण्याची झळ ज्याला इतकी थेट पोचणार आहे की वागताना त्याचा विचार माझ्या मनात असायलाच हवा, तो माझा कायद्यातला शेजारी. दुकान उघडं ठेवून लोकांना आत बोलावणाऱ्याचा शेजारी म्हणजे दारातून आत येणारा प्रत्येक गिऱ्हाईक. त्याने पैसे दिले की नाही, हे बघायचं कारण नाही.

मात्र कर्तव्य सगळ्या जगाशी नसतं. आईचं हाड मोडल्याचं फोनवर ऐकून नाशिकला असलेल्या काकूंच्या मुलीचं बीपी वाढलं आणि तिला एक रात्र दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलाची इच्छा होती की तेही बिल दाव्यात घालावं. मी नाही म्हणालो. फ्रीजच्या नळीकडे बघताना दुकानदाराच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक यायला हवं, दोनशे किलोमीटरवरच्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं बीपी यावं अशी अपेक्षा करता येत नाही. इथे चूक तीच आहे आणि बिलही खरं आहे, पण पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून पुढचे दोन प्रश्न येतच नाहीत. कर्तव्य हा वेगळा प्रश्न का, हे असं एक माणूस बदलून पाहिलं की कळतं.

दुसरा प्रश्न कर्तव्यभंगाचा, आणि माझ्या मते दुकान, सोसायटी, रस्ता अशा प्रकरणांत निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. कायदा दुकानदाराकडून फरशी कायम कोरडी ठेवण्याची हमी मागत नाही. त्याच्या जागी साधारण शहाणा माणूस असता तर त्याने काय केलं असतं, एवढंच विचारतो. ही कसोटी इंग्लंडमध्ये 1856 पासून चालत आली आहे आणि आपली न्यायालयंही तीच लावतात. विद्यार्थी नेमके इथे घसरतात. 'पाणी होतं' याला ते कर्तव्यभंग म्हणतात. पाणी ही परिस्थिती झाली. त्या परिस्थितीबद्दल दुकानदाराने काय केलं किंवा केलं नाही, त्यात भंग शोधायचा.

आता तीच फरशी, तेच पाणी आणि त्याच काकू ठेवा, फक्त पाणी आलं कुठून ते बदला. समजा एका लहान मुलाच्या हातून पाण्याची बाटली सांडली आणि अर्ध्या मिनिटात काकू पडल्या. दुकानदार कितीही दक्ष असता तरी अर्ध्या मिनिटात तिथे पोचला नसता. भंग नाही, दावा फेटाळला जाईल. तीच बाटली अर्ध्या तासापूर्वी सांडली असेल आणि काउंटरवरची चार मुलं त्या पाण्याला वळसा घालून ये-जा करत असतील, तर भंग आहे. मनगट दोन्ही वेळा सारखंच मोडलं. फरक पडला तो वेळेमुळे आणि माहितीमुळे.

सगळी अडचण अशी की पाणी किती वेळ होतं हे पडणाऱ्याला कळणार कसं? लिव्हरपूलच्या एका सुपरमार्केटमध्ये दही सांडलं होतं, त्यावरून एक बाई घसरल्या. दही केव्हा सांडलं याचा काहीच पुरावा नव्हता. कंपनीचं म्हणणं, आम्ही दिवसातून पाच-सहा वेळा झाडून घेतो. त्याच बाई तीन आठवड्यांनी पुन्हा त्या दुकानात गेल्या तेव्हा संत्र्याचा रस सांडलेला होता आणि जवळपास पाव तास त्याकडे कोणी फिरकलं नाही, हे त्यांनी पाहिलं. वॉर्ड विरुद्ध टेस्को या 1976 च्या निकालात बहुमत बाईंच्या बाजूने गेलं. सांडलेलं पुसण्याची सोय दुकानात काय होती, हे दुकानालाच माहीत, तेव्हा खुलासाही त्यानेच द्यावा. आपल्याकडे पुराव्याच्या कायद्यात हाच विचार आहे. जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. पूर्वी हे कलम 106 होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते 109 आहे. पण फक्त या कलमाच्या भरवशावर दावा लावू नका. आधी वादीला आपली बाजू प्रथमदर्शनी तरी उभी करावी लागते.

म्हणून मी पहिल्या दिवशी एकच काम केलं. दुकानाला लेखी नोटीस देऊन त्या संध्याकाळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगितलं. ही यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण चढवत जातात. प्लास्टर निघाल्यावर वकिलाकडे येणाऱ्याचा महत्त्वाचा साक्षीदार तोवर पुसून गेलेला असतो. चित्रणात गोणपाट दिसलं. मला ते फार मोलाचं वाटलं, कारण फरशी कोरडी असेल तर गोणपाट कोणी टाकत नाही.

आणि मग दुकानाचं उत्तर आलं. त्यांच्या वकिलांनी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं की आमचे अशील अत्यंत दक्ष असून त्यांनी सदर घटनेच्या आठ दिवस आधीच मेकॅनिकला फोन करून नळीबाबत कळवलं होतं. बचाव म्हणून लिहिलेलं हे वाक्य आमच्या दाव्याचा कणा झालं. आठ दिवस आधी माहीत होतं म्हणजे धोका दिसत होता. धोका दिसत होता आणि दसऱ्याची गर्दी येणार हेही माहीत होतं. मग आठ दिवसांत काय केलं? तर गोणपाट टाकलं. नवी नळी दोनेकशे रुपयांची. तीही नको, नळीखाली बादली ठेवून समोर खुर्ची आडवी लावली असती तरी चाललं असतं.

धोका किती संभवतो आणि तो टाळायला किती खर्च येतो, हे दोन्ही एकत्र तोलायचं असतं. बोल्टन विरुद्ध स्टोन या 1951 च्या खटल्यात क्रिकेटच्या मैदानाबाहेर आलेला चेंडू रस्त्यावरच्या बाईंना लागला. कुंपण चांगलं उंच होतं आणि सुमारे तीस वर्षांत चेंडू रस्त्यावर गेला होता सहाएक वेळा. क्लबचा भंग नाही, असा निकाल लागला. आमच्या दुकानात धोका रोजचा होता आणि उपाय दोनेकशे रुपयांचा. तोलायला फार वेळ लागला नाही.

भारतातली दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचा, परीक्षेलाही उपयोगी पडतील. दिल्लीच्या चांदनी चौकातला घंटाघर कोसळून माणसं मेली. बांधकाम सुमारे ऐंशी वर्षांचं, आणि ज्या प्रकारच्या चुन्यात ते होतं त्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेला जबाबदार धरलं. रस्त्यालगतची एवढी जुनी इमारत आपोआप पडत नाही, घटनाच बोलते, पालिकेने नीट तपासणी केली नव्हती. उलट राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड पडून पायी चाललेला एक माणूस मेला, तेव्हा 1997 मध्ये त्याच न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. झाड त्याच वेळी पडेल याची आधी वाजवी कल्पना येण्यासारखी स्थिती नव्हती आणि रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाबाबत प्रत्येक वाटसरूशी असं कर्तव्य जोडणं न्यायालयाला मान्य नव्हतं. दुसरा निकाल मला व्यक्तिशः जरा कडक वाटतो. पण दोन्हीकडे मृत्यू आहे आणि दोन्हीकडे समोर महापालिका आहे, तरी निकाल उलटे. कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आली.

तिसरा प्रश्न नुकसानाचा. त्याआधी एक गंमत बघा. त्या आठ दिवसांत निदान काही शे माणसं त्या ओल्या फरशीवरून गेली. कर्तव्य सगळ्यांशी होतं आणि भंगही सगळ्यांबाबत झाला होता. तरी त्यांतल्या एकालाही दावा लावता येत नाही, कारण कोणाला काही झालं नाही. दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं घुसलात तरी अतिक्रमणाचा दावा होतो, नुकसान दाखवावं लागत नाही. निष्काळजीपणाचं तसं नाही. नुकसान झाल्यावरच दाव्याचा जन्म होतो.

या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले आहेत. एक, हे नुकसान त्या चुकीमुळेच झालं का? चूक नसती तर नुकसान टळलं असतं का, हे विचारायचं. इंग्लंडमध्ये एका रखवालदाराला चहा प्यायल्यावर उलट्या होऊ लागल्या, इस्पितळातल्या डॉक्टरने न तपासताच घरी पाठवलं आणि तो दगावला. चहात आर्सेनिक होतं. डॉक्टरने तपासायला हवं होतं, हे न्यायालयाने मान्य केलं. पण तपासलं असतं तरी वेळेत उपचार होऊन तो वाचला नसता, असं दिसल्यामुळे दावा फेटाळला गेला. आमच्या प्रकरणात काकूंच्या मुलाने उजव्या खांद्याच्या दुखण्याची बिलंही आणली होती. फाइल चाळली तर त्याच खांद्यासाठी त्या दोन वर्षांपूर्वीपासून ऑर्थोपेडिककडे जात होत्या. ती बिलं मी बाजूला काढली. असं एक बिल आत राहिलं तर उलटतपासणीत बाकीच्या बिलांवरचाही विश्वास उडतो.

दुसरा प्रश्न, हे नुकसान अशा प्रकारचं आहे का, की त्याची आधी कल्पना येऊ शकली असती? ओल्या फरशीवरून घसरून हाड मोडणं, काम बंद पडणं हे कोणालाही सुचेल. काकूंची हाडं वयामुळे ठिसूळ झाली होती, तरुण मुलगी पडली असती तर नुसतं खरचटलं असतं, असा मुद्दा समोरून आला. तो चालत नाही. इजा कोणत्या प्रकारची होईल हे दिसत असेल, तर माणूस जसा आहे तसा स्वीकारावा लागतो. ठिसूळ हाडांच्या माणसांनी मिठाई आणायला जाऊ नये, असा काही नियम नाही.

आता हिशेब. दवाखाना आणि औषधं 74,000 रुपये, फिजिओथेरपी 9,000. डबे अडीच महिने बंद. मुलाने महिना 30,000 प्रमाणे नुकसान लिहून आणलं होतं. पण तो आलेला पैसा झाला. किराणा, भाजी, गॅसचे 14,000 वजा केले की हातात राहायचे 16,000. अडीच महिन्यांचे झाले 40,000. डबेवाल्या गिऱ्हाइकांचे मोबाइलवरून जमा झालेले पैसे बँकेच्या पासबुकात दिसत होते म्हणून हे सिद्ध करता येत होतं, रोखीतला धंदा असता तर अवघड होतं. एकूण 1,23,000. वेदना आणि त्रासाची भरपाई न्यायालयाच्या अंदाजावर असते, समजा 50,000 धरले. बेरीज 1,73,000.

यातून एक वजावट येऊ शकते. चित्रणात काकू पडण्याआधी मोबाइलमध्ये बघत होत्या, असं दिसत होतं. स्वतःच्या हयगयीमुळे अपघाताला हातभार लागला असेल तर न्यायालय तेवढा वाटा कापतं. समजा वीस टक्के, म्हणजे 34,600 वजा होऊन उरतात 1,38,400. दावा पूर्ण बुडत नाही, हे लक्षात ठेवा. विद्यार्थी हा मुद्दा कर्तव्यभंगात मिसळतात. दुकानदाराचा भंग आधीच पूर्ण झालेला असतो, काकूंच्या मोबाइलमुळे तो पुसला जात नाही, फक्त रक्कम कमी होते.

परीक्षेत समस्या सोडवताना एक करून बघा. प्रत्येक प्रश्नापुढे त्याचा पुरावा कोणता, हे लिहा. कर्तव्यासाठी दुकान कोणाचं आणि काकू तिथे का गेल्या. भंगासाठी चित्रण, गोणपाट आणि आठ दिवसांचं ते पत्र. नुकसानासाठी एक्स-रे, बिलं, पासबुक. एकाच कागदाने दोन प्रश्न सुटल्यासारखे वाटले तर कुठेतरी गडबड झालेली असते. एक्स-रेवरून दुकानदार चुकला हे कधीच ठरत नाही, आणि तुमच्या प्रश्नातल्या 'पडला, की झालं ना सगळं सिद्ध' मध्ये नेमकं तेच गृहीत धरलेलं आहे.

लोक आधी पोलिसांत जातात, म्हणून तेही सांगतो. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा बऱ्याच वरच्या पायरीचा, ढळढळीत असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण डॉक्टरांचं होतं, पण दिवाणी आणि फौजदारी निष्काळजीपणातला फरक त्यात चांगला मांडला आहे, आणि कर्तव्य, भंग, नुकसान हे तीन घटकही. ठाण्यातल्या हवालदाराने काकूंच्या मुलाला "हा दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवलं, त्यात त्याचं फारसं चुकलं नव्हतं. दिवाणी दाव्याला अशा दुखापतीत साधारणपणे तीन वर्षांची मुदत मिळते.

आमचा दावा शेवटापर्यंत गेलाच नाही. मध्यस्थीच्या दुसऱ्या बैठकीत मी दुकानदाराला त्याच्याच वकिलांचं ते आठ दिवसांचं वाक्य वाचून दाखवलं. त्याने वकिलांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आकडा सांगा." सव्वा लाखावर मिटलं.